आधीच्या मालकिणीचे कोड

नवरा गेल्यावर मी त्यांच्या नावावरचा फोन नंबर बंद पडू दिला. बंद केला असं म्हणवत नाही. रिचार्ज केलं नाही, एवढंच. पुढं इंदापूरच्या बाजारातल्या एका दुकानातून माझ्या नावावर नवीन सिम घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी त्यावर पहिला कोड आला. गॅसची टाकी घरी येताना डिलिव्हरीवाल्याला सांगायचा कोड. माझ्या घरात टाकी भरलेली होती.

मग रांगच लागली. बँकेचा कोड, आधारचा कोड, शेतीच्या कुठल्या तरी नोंदणीचा कोड. कधीकधी सकाळी अकराच्या सुमाराला पाच-पाच. प्रत्येकाखाली तेच वाक्य, हा कोड कुणालाही सांगू नका. मला स्वतःला मात्र दिवसभरात कुणाचा निरोप नसायचा. मुलं होऊ शकली नाहीत, बहिणी त्यांच्या संसारात. फोन वाजला की जीव उडी मारायचा आणि उघडून बघावं तर दुसऱ्याचे सहा आकडे. मला त्या आकड्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

मी पोस्टात नोकरी केली, आधी बारामतीला आणि शेवटची वर्षं इंदापूरला. दुसऱ्याचं पत्र हातात आलं तर काय करायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. फोडायचं नाही, वाचायचं नाही, घरी न्यायचं नाही. मालक सापडला तर त्याच्या हातात, नाही तर जिथून आलं तिथं परत. पण या कोडांना परत पाठवायची सोय नव्हती. उत्तर लिहिलं तर जात नव्हतं. म्हणून मी बँकेच्या शाखेत गेले आणि सांगितलं, तुमच्या कुणा तरी खातेदाराचे निरोप माझ्याकडे येतात, हा नंबर आता माझा आहे. तिथल्या साहेबांनी माझ्या सिमचा कागद पाहिला आणि नोंद करून घेतली. खातेदार कोण ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. "नंबर बदलायला त्यांनाच यावं लागेल," म्हणाले. मला ते पटलं. घरी येऊन मी आलेले कोड पुसून टाकायचा नेम केला.

मग एका सकाळी फोन आला. म्हातारा आवाज, मागं मोटरसायकल धडधडत होती.

"बाय, कोड आला का गं? गॅसवाला दारात उभा हाय."

"कोण बोलतंय?"

"आगं, मी आबा."

कोड आला होता. माझ्या डोळ्यांसमोर होता. पण फोन करून कोड मागणारा माणूस कोण असतो हे पेपरात रोज छापून येतं, आणि लुबाडणारे काही दरडावूनच बोलतात असं नाही, म्हाताऱ्या आवाजातही बोलतात. मी म्हटलं, "हा नंबर आता माझा आहे. मी कोड सांगणार नाही. तुम्ही गॅस एजन्सीत पुस्तक घेऊन जा आणि तुमचा नंबर लावून घ्या."

तो म्हणाला, "मग ती कुठं हाय?"

मी फोन ठेवला. त्याची टाकी त्या दिवशी परत गेली असणार. दिवसभर मला जेवण गोड लागलं नाही, आणि तो चोरच होता असं मी स्वतःला चार वेळा बजावलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा पुन्हा फोन. या वेळी कोड मागितला नाही. पळसदेवला राहतो, वांगी-मिरची करतो, थोडे पेरू आहेत, आणि हा नंबर माझ्या मुलीचा होता, एवढं सांगितलं. मी म्हटलं, "बँकेचे कोडही माझ्याकडे येतात. ते बरं नाही. तुम्ही सोमवारी इंदापूरला बँकेत या, पासबुक आणि आधार घेऊन. मी तिथंच येते. जे काय बोलायचं ते साहेबांच्या समोर." बँकेत बोलवलं म्हणजे लबाड असेल तर येणार नाही, हा माझा हिशेब.

तो आला. धोतर, टोपी, पिशवीत पासबुक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. साहेबांनी अर्ज भरून घेतला, कागद तपासले, सही जुळवली आणि त्याचा स्वतःचा नंबर लावायला घेतला. साधा बटणांचा फोन होता त्याच्याकडे, पण मेसेज येत होते की त्यावर. मी म्हटलं, "आबा, तुमच्याकडे फोन होता तर मुलीचा नंबर का दिला सगळीकडं?"

तो साहेबांकडं बघत राहिला. बाहेर पायरीवर बसल्यावर बोलला.

चार वर्षांपूर्वी मुलीनं आपल्या मनानं लग्न केलं आणि दूर शहरात गेली. याचं आणि तिचं वाजलं. घरी येणं बंद, सणावाराला फोन बंद. पण घरातली शिकलेली तीच, त्यामुळं सगळ्या कागदांवर नंबर तिचा. कोड तिकडं जायचा, आणि कोड आला की ती फोन करायची.

"आबा, लिहून घ्या म्हणायची," तो म्हणाला. "सहा आकडं सांगायची. मी येक-येक परत म्हणायचो. मुद्दाम हळू म्हणायचो. तेवढंच."

"आणि तुम्ही नंबर बदलला नाहीत."

"कशाला बदलू? काम नसलं तरी ऑनलाइन सेंटरवाल्याला म्हणायचो, बघ रं जरा, कोड मागव. त्यो कावायचा माझ्यावर." मग म्हणाला, "सकाळच्याला मागवायचो, तिची त्या वक्ताला गडबड नसती म्हणून."

अकरा वाजताचे पाच-पाच कोड. मी त्या कोडांवर किती चिडले होते. ज्या माणसाला मुलीचा आवाज ऐकायचा होता, तो माझ्या फोनचं दार ठोठावत होता आणि मी आत बसून शिव्या देत होते.

पुढं कोड जाऊनही तिचा फोन येईना, तेव्हा त्यानं काही महिने रागानं कोड मागवले नव्हते. मधल्या काळात तिचा नंबर सुटला, आणि त्यानं पुन्हा कोड मागवले ते माझ्याकडं आले. मी त्याला समजावलं की नंबर तिनं मुद्दाम टाकला असेलच असं नाही. रिचार्ज राहिलं, दुसरं सिम घेतलं, जुनं बंद पडलं, काही महिन्यांनी कंपनीनं तो दुसऱ्याला दिला. असंच होतं. माझ्या नवऱ्याचा नंबरही आज कुणाच्या तरी खिशात आहे. मी एकदा लावून पाहिला होता. कुणी तरी पोरगेल्या आवाजाचा "हॅलो, कोण?" म्हणाला आणि मी फोन ठेवला. हे मी आबांना सांगितलं. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांनी पिशवीतून चार पेरू काढून माझ्यापुढं ठेवले, आणि मग खरी गोष्ट काढली.

"बाई, सेंटरवाला म्हणतो, तिचं मेलचं खातं ह्या नंबरला जोडलेलं आसंल. पासवर्ड विसरला म्हणून दाबायचं, कोड तुमच्याकडं येतो. खातं उघडतं. कुठं राहती, काय करती, कळंल. मला तिच्या घरी जायचं न्हाय. नुसतं सुखात हाय का बघायचंय."

मी नाही म्हटलं. लगेच नाही म्हटलं, कारण थोडी थांबले असते तर हो म्हटलं असतं. गल्लीत शिकवणीला येणाऱ्या कुठल्याही पोराला दोन मिनिटांचं काम होतं ते. तिचं घर, तिची माणसं, कदाचित एखादं मूल, सगळं त्या सहा आकड्यांच्या पलीकडं. आणि माझ्यासमोर बसलेल्या माणसाला त्यातलं फक्त एक वाक्य हवं होतं.

"आबा, ते तिचं पत्र आहे," मी म्हटलं. "तिनं तुम्हाला लिहिलेलं नाही. मी फोडायची नाही आणि तुम्ही वाचायचं नाही. कायद्यानं गुन्हा आहे तो, आणि तिला कळलं तर जे काय उरलंय तेही जाईल."

"उरलंय काय?"

मी त्यांना आधार केंद्रात घेऊन गेले. तिथं बोटांचे ठसे देऊन नंबर बदलून मिळतो. मग गॅस एजन्सी. प्रत्येक ठिकाणी मुलीचा नंबर खोडला जाताना ते दुसरीकडं बघत होते. मी हातानं त्या माणसाचा एकेक धागा तोडत होते आणि प्रत्येक ठिकाणी कारकून म्हणत होता, बरं झालं, आता काळजी नाही. एसटीत बसताना ते म्हणाले, "आता कोड माझा मलाच येणार." त्यांनी खिडकीतून हात केला नाही.

त्यानंतर माझा फोन गप्प झाला. मला वाटलं होतं सुटले. पण अकरा वाजले की मी त्याच्याकडे बघायचे.

मग एका दुपारी लागोपाठ तीन कोड आले. मेलच्या खात्याचे. कुणी तरी पुन्हा पुन्हा मागवत होतं. मी पुसणार तेवढ्यात फोन वाजला. बाईचा आवाज, शहरातला, पण वळण आपल्याकडच्या बोलीचं.

"मॅडम, हा नंबर आधी माझा होता. माझ्या मेलचा कोड तुमच्याकडं आलाय. तेवढा सांगाल का? माझी सगळी कागदपत्रं त्यात आहेत."

तीच असेल. किंवा कुणी चोर बाई असेल जिला तीच असल्यासारखं बोलता येतं. "नाही सांगणार," मी म्हटलं. "तुम्ही आधी ज्या फोनवरून ते खातं वापरत होता त्यावरूनच प्रयत्न करा. दुसरा मेल जोडलेला असेल तर त्यावर कोड मागवा. आणि उघडलं की हा नंबर आधी काढून टाका. कोड मात्र माझ्याकडून मिळणार नाही."

"अहो, पण मीच आहे ती."

"असाल. मला ओळखायची सोय नाही. नावही सांगू नका." मग मी म्हटलं, "तुम्ही खरंच आधीच्या असाल तर एवढं ऐका. या नंबरवर एक गृहस्थ कोड विचारायचे. ते आता विचारणार नाहीत. सगळीकडं स्वतःचा नंबर लावून घेतलाय त्यांनी. त्यांचा नंबर जो होता तोच आहे. तो मी सांगणार नाही. तुम्हीच असाल तर तुम्हाला माहीत असेल."

तिनं विचारलं, "ते स्वतः वाचतात?"

"वाचतात."

"म्हणजे आता मला फोन करायचं कारणच..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. फोन बंद झाला.

पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी सकाळी आबांचा फोन. मला वाटलं पुन्हा काही नोंदणी अडली.

"बाई, काल तिचा फोन आला हुता."

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्या ईचारलं, काय काम हाय? कुठला कोड आलाय? तर म्हणली, कोड न्हाय आबा. मग काय, म्या म्हणलं. तर म्हणली, काय न्हाय. नुसताच. मला बोलायला काय सुचंना. येवढी वर्सं आकडंच बोललोय आमी. मग तीच म्हणली, उद्या करीन."

"म्हणजे आज."

"व्हय. आज."

"मग माझ्याशी काय बोलत बसलाय," मी म्हटलं. "ठेवा फोन. मोकळा ठेवा."

त्यांनी लगेच ठेवला. मी फोन मांडीवर घेऊन तिथंच बसले आणि मला रडू आलं, आबांसाठी थोडं आणि बाकी सगळं माझ्या माणसासाठी, ज्याचा नंबर पाठ असून उपयोग नव्हता.