सवतीचा टाक

मी दुसरेपणाची. नवऱ्याची पहिली बायको बाळंतपणात गेलेली. लग्नात सासूनं मंगळसूत्राबरोबर तिच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात घातला. नवं लुगडं, पहिली भाकरी, सगळं आधी तिला दाखवायचं. सव्वीस वर्षं ती माझ्या छातीवर निमूट होती.

पाळी जाऊन तीन वर्षं झाली आणि लघवीला आग सुरू झाली. दुष्काळ होता, टँकरचं पाणी. सगळ्या म्हणाल्या, उन्हाळी लागली. सब्जा झाला, धन्याचं पाणी झालं. दिवाळी आली तरी उन्हाळी जाईना. सारखं जावं लागतं म्हणून मी पाणीच प्यायचं सोडलं. शहाणपण माझं! मेडिकलवाल्यानं दोनदा गोळ्या दिल्या, त्याही वाया. नवरा जवळ आला की आत काच फिरल्यासारखं दुखे. एकदा मी किंचाळलेच. तो दचकून दूर झाला.

"ती आली का गं?" त्यानं विचारलं.

गळ्यातला टाक मला गार लागला. खरंच लागला.

नणंद म्हणाली, "वैनी, तिला तुमचं सुख बघवंना. नदीत सोडा तिला."

मांजरा नदीत पाणी कुठलं? आम्ही नवरा-बायकोनं वाळूत हातभर खड्डा करून टाक पुरला. मागं वळून पाहायचं नव्हतं, पण वारा नसताना वाळू सरसरत होती. त्यानंही ऐकलं.

आग तशीच राहिली. नवरा शेतातल्या खोपीत राहायला गेला. तो आता परत येत नाही, असं मला वाटायला लागलं.

शेवटी एकटीच लातूरला सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी लघवी तपासली, आतून तपासलं. रक्त जातं का, छातीत कधी गाठ होती का, विचारलं.

"जंतू नाहीत, मावशी. पाळी गेली की अंगातलं हार्मोन घटतं. तिथली कातडी पातळ, कोरडी होते, लघवीच्या जागेचीसुद्धा. खूप बायकांना होतं, सांगत कुणी नाही."

"बाहेरचं काई न्हाई ना?"

"काही नाही."

तिथं साबण लावणं बंद, पाणी पोटभर. इस्ट्रोजेनचं मलम आत लावायचं: दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात अगदी थोडं जातं, म्हणाल्या. जवळ येताना वंगणाचं जेल. आणि कधी रक्त दिसलं तर तडक यायचं.

दोनेक महिन्यांत आग गेली. नवरा परत आला. मला रडूच आलं.

मग टाक आणायला आम्ही नदीवर गेलो. तिथं वाळूच नव्हती. उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती, तिकडं बांधकामं जोरात, वाळू ट्रकांनी गेलेली. कुणाच्या तरी भिंतीत टाकासकट ती लिंपली गेली असेल. दुखणं माझं, आणि घराबाहेर काढली तिला.

पहिली भाकरी मी अजून बाजूला ठेवते. दाखवायची कुणीकडं, ते मात्र कळत नाही.