बेचाळिसाव्या कलमातले तीन शब्द

समजा, तुम्हाला एक कायदा लिहायचाय. एक्केचाळीस कलमं झाली, पाठ मोडून आली, आता शेवटचं उरलंय. नवा कायदा म्हणजे नवी चप्पल, कुठेतरी चावणारच. एका कलमात म्हटलंय की विहिरीचे अर्ज भूजल प्राधिकरणाने घ्यावेत, आणि ते प्राधिकरण उभं राहायलाच सहा महिने लागणार. तोवर अर्ज घ्यायचे कोणी? एवढ्याशा गोष्टीसाठी सभागृह भरवता येत नाही. म्हणून शेवटच्या कलमात सरकारला मुभा द्यायची: अडचण आली तर आदेश काढा आणि ती दूर करा. पण किती मुभा? तेल घालायला दिलेली बुधली घेऊन कोणी यंत्रच बदलायला निघाला तर? लिहा बघू, त्याला अडवणारं वाक्य.

विधी खात्यातल्या मसुदेबाईंनी ते लिहिलं होतं. खरं नाव फक्त पगारपत्रकावर. बाकी शिपायापासून सचिवांपर्यंत सगळे त्यांना मसुदेबाईच म्हणत. त्यांनी लिहिलं की कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, सरकारला 'या कायद्याच्या तरतुदींशी विसंगत नसलेला' आदेश काढता येईल, आणि तो सभागृहापुढे ठेवावा लागेल.

सचिवसाहेबांनी लाल पेन्सिल 'तरतुदींशी विसंगत नसलेला' या तीन शब्दांवर टेकवली.

"बाई, हे कशाला? आपल्याच सरकारचे हात बांधताय."

"आपलेच आहेत म्हणून तर, साहेब. परक्याचे बांधायची वेळच येत नाही."

"तुम्ही फार ताणता."

दुसऱ्या दिवशी विधेयक मंत्रिमंडळापुढे जायचं होतं. बाईंनी लेखी टिपण जोडलं आणि त्याचं लेखी उत्तर द्यायला साहेबांना सवड नव्हती. शब्द राहिले. बाई मात्र राहिल्या नाहीत. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात साहेबांनी लिहिलं, 'हेकट. कामाला गती नाही.' बढती हुकली ती हुकलीच. वर त्यांना तळघरातल्या अभिलेख कक्षात बसवलं. जिथे एक ट्यूबलाइट आणि सभागृहाच्या कामकाजाचे छापील खंड, एवढीच सोबत.

खात्यात चहाच्या टेबलावर म्हणे विनोद व्हायचा, "मसुदेबाई आता वाळवीला कलमं शिकवतात."

बाईंच्या कानावर तो आला. त्यांनी तो मनात नीट घडी घालून ठेवला. तळघरातल्या चार वर्षांत त्यांनी एकच काम केलं: त्या खंडांची सूची. कोणत्या कलमावर कोण काय बोललं, कोणती दुरुस्ती मांडली गेली, कोणती पडली; कलमवार, पानासकट. कोणी सांगितलं नव्हतं. रिकाम्या हाताला राग फार चावतो, म्हणून.

त्या निवृत्त झाल्या तरी दर आठवड्याला राजपत्र वाचायच्या. नवरा म्हणायचा, "लोक या वयात निधनवार्ता वाचतात."

"मीही तेच वाचते. कोणतं कलम गेलं ते."

विधेयक समित्यांमध्ये तीन वर्षं रखडून मग कायदा झालं होतं; तो लागू होऊन एकोणीस महिने झाले, तेव्हा तो आदेश आला. शीर्षक, अडचण निवारण आदेश. सातव्या कलमात एक अट होती की गेल्या तीन वर्षांत जो सरकारात सचिव होता, त्याला प्राधिकरणाचा अध्यक्ष होता येणार नाही. 'सदर अटीमुळे योग्य व अनुभवी व्यक्ती उपलब्ध होत नसल्याने' ती अट वगळली आहे असं समजावं, असा हुकूम. मसुद्याला मान्यतेची सही सचिवसाहेबांची, नोकरीच्या शेवटच्या महिन्यातली. निवृत्तीनंतर आठव्या दिवशी अध्यक्ष झाले तेही साहेबच.

बाई हसल्या. नवऱ्याने पेपर खाली घेतला. "काय झालं?"

"मांजर स्वतःहून पिशवीत शिरलं."

त्यांची भाची वकील. तिच्याकडे एक भूवैज्ञानिक आधीच आले होते. अध्यक्षपदासाठीच्या निवड समितीच्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं. नंतर यादी गुंडाळून ठेवली गेली. भाचीच्या ऑफिसात खुर्चीवर फायली असल्यामुळे बाई स्टुलावर बसल्या.

"मावशी, अडचण सांगू? त्यांनी सगळं वेळेत केलंय. दोन वर्षं संपायला पाच महिने होते. आदेश सभागृहापुढेही ठेवला. कोणी हूं की चूं केलं नाही."

"म्हणजे दोन कुंपणं ओलांडली नाहीत. तिसऱ्याचं काय? विसंगत नसलेला. सातवं कलम 'नको' म्हणतं, आदेश 'चालेल' म्हणतो. अजून विसंगत कसं असतं?"

"ते म्हणतील, योग्य माणूस मिळत नाही हीच अडचण."

"मग तुझा अशील कोण, कुंडीतलं झाड? यादीत पहिला आहे तो. आणि ती अट अडवायलाच घातली होती ना? मग ती अडवते ही अडचण कशी?" बाईंनी पिशवीतून सूचीची वही काढली. "खात्याची फाईल मी देणार नाही. ती माझी नाही. पण सभागृहाचे खंड छापील आहेत, कुणीही वाचावेत. खंड अठरा, पान सहाशे बारा. ही अट काढा, अशी दुरुस्ती एका सदस्याने मांडली होती. मतदान झालं आणि पडली."

भाचीने पान नंबर दोनदा लिहून घेतला. "सभागृहाने नाही म्हटलेलं यांनी आदेशाने केलं?" मग पेनाचं टोपण लावत म्हणाली, "खरं सांग, तुला न्याय हवाय की सूड?"

"दोन्ही एका अर्जात मागता येत असतील तर बघ."

सुनावणीला बाई मागच्या बाकावर बसल्या. साहेब दुसऱ्या रांगेत, मान ताठ. सरकारी वकील म्हणाले, अडचण आहे की नाही हे ठरवायचं काम सरकारचं.

न्यायमूर्ती म्हणाल्या, "सरकार ठरवेल. पण आम्ही तपासू. अडचण आली कोणाला? कायद्याला की उमेदवाराला?"

वकिलांनी पान उलटलं. आदेश मुदतीत निघाला, सभागृहापुढेही ठेवला, असं ते वाचू लागले.

तीन आठवड्यांनी निकाल आला. अडचण कायदा अमलात आणतानाच उद्भवलेली असली पाहिजे; ती दूर करायच्या नावाखाली कायद्याचा गाभा बदलता येत नाही. मुदत पाळली, सभागृहापुढे ठेवला, म्हणून अधिकाराबाहेरचा आदेश अधिकारात येत नाही. अट नको असेल तर सभागृहाने दुरुस्ती करावी. आदेश रद्द, नेमणूक रद्द. पान सहाशे बाराचा उल्लेख होता. बेचाळिसाव्या कलमातले तीन शब्द तर सबंध उतरवून घेतले होते. साहेबांनी दरम्यान दिलेले विहिरींचे परवाने मात्र कायम, कारण लोकांचा त्यात दोष नाही. ते बाईंना पटलं, आणि जरा टोचलंही. त्यांना साहेबांची सही कागदाकागदावरून खरवडलेली हवी होती.

कोर्टाच्या जिन्यात साहेब समोर आले. हातात निकालाची प्रत नव्हती.

"तुम्ही? इथे कशा?"

"भाचीला डबा द्यायला आले होते."

साहेबांनी मान हलवली आणि कठड्याला धरून उतरू लागले. चार वर्षं तळघरात रचलेलं प्रत्येक बोचरं वाक्य बाईंच्या जिभेवर होतं. त्यांनी एकही टाकलं नाही. निकालात त्यापेक्षा चांगली वाक्यं होती. एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती सुचेपर्यंत साहेबांच्या टाळूवरचं टक्कल खालच्या वळणावर दिसेनासं झालं होतं.

आजही राजपत्र उघडताना बाईंच्या मनात तेच येतं. वाचूनही केलं असेल तर सूड पुरा झाला. न वाचताच केलं असेल, तर ज्या शब्दांपायी आपल्याला तळघरात बसवलं, ते त्या माणसाच्या लक्षातही राहिले नव्हते. त्या आदेशावर सही करण्याआधी साहेबांनी बेचाळिसावं कलम उघडून पाहिलं होतं का?