डोळा सूर्याकडे, मालेगावमार्गे

गोदावरीच्या पाण्याची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे माणसं खरी, मेलेले खरे आणि माझी स्कूटर तर शंभर टक्के खरी. थोडं तिखटमीठ लावलंय, पण बेताचंच. बरं, एके ठिकाणी जरा जास्त पडलंय. ते कुठे, हे शेवटी सांगेन. आठवलं तर!

नेत्रदानाच्या कामात किस्से साचतातच. एरवी पाहुणा म्हणून कोणी बोलावणार नाही, अशा वेळी आम्ही लोकांच्या दारात उभे. डोळ्यांचे डॉक्टर पटवर्धन मागच्या सीटवर, मी हँडलवर आणि माझ्या पायांत बर्फाचा थर्मास. माणूस गेल्यापासून सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, त्यामुळे सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास अख्ख्या नाशकात माझ्याइतकी जोरात स्कूटर कोणी हाणत नसे. तीही अंत्यदर्शनाला!

*

थर्मासचंच आधी सांगतो. तो मुळात आमच्या घरचा, चहाचा. अशोकस्तंभाजवळच्या एका घरी डॉक्टर काम आटपून आत हात धूत होते आणि मी ओसरीवर भरलेला थर्मास घेऊन बसलो होतो. मयताचे मेहुणे जवळ आले. रात्रभराच्या प्रवासाने बिचारे थकलेले.

"देवासारखे आलात हो! घरात चूल बंद. अर्धा कप द्या ना."

मी थर्मास पोटाशी धरला. ते म्हणाले, "अहो, एवढा काय चिकटपणा!" आणि झाकणाला हात घातला.

दुसऱ्या दिवशी मी थर्मासवर लाल रंगात लिहून घेतलं, 'चहा नाही'.

*

विरोध करणारे वाईट नसतात हो. आपलं माणूस आहे तसं, धडधाकट निरोपाला जावं, एवढंच त्यांचं म्हणणं. सगळ्यात मोठी भीती एकच. पुढच्या जन्मी आंधळा आला तर?

भद्रकालीतल्या एका आजींना मी फार हुशारीने समजवायला गेलो. म्हटलं, "आजी, तुमच्या तोंडात एकही दात नाही. मग पुढच्या जन्मी तुम्ही बोळक्याच येणार का?"

आजी म्हणाल्या, "येणारच की! तू काय दात घेऊन जन्मलास?"

 परतीच्या वाटेत डॉक्टर मागे बसून हसत होते, एवढं स्कूटरच्या हलण्यावरून कळत होतं.

*

नाशिक रोडला बौद्ध वसाहतीत गायकवाड मास्तर गेले. त्यांची इच्छा सगळ्यांना माहीत होती. पण नुसत्या इच्छेने भागत नाही, मागे राहिलेल्या जवळच्या माणसाची संमती लागते. ऐन वेळी मास्तरांचे धाकटे भाऊ अडले. "वहिनी, चेहरा खराब होईल. लोक काय म्हणतील?"

बाई डोळे पुसून म्हणाल्या, "भाऊजी, शरीर अनित्य आहे असं विहारात तुम्हीच माईकवरून सांगता ना? मग ते काय फक्त दुसऱ्यांचं?"

अर्ध्या तासात काम झालं. डॉक्टर पापण्यांखाली कापूस ठेवून त्या अशा मिटतात, की माणूस दुपारी जरा पडलाय असं वाटावं. भाऊ वाकून वाकून बघत राहिले. "काढले म्हणता? मग दिसत कसं नाही?"

तेवढ्यात बाईंनी मास्तरांचा चष्मा आणून त्यांना घातला. डॉक्टर म्हणाले, "बाई, आता चष्मा..."

"डोळे न्या तुम्ही. चष्म्याशिवाय हे मला ओळखू येत नाहीत."

*

आता सलीम. मालेगावचा विणकर. एका डोळ्यात लहानपणीच्या देवीने फूल पडलेलं आणि दुसऱ्यावर मागाचा उडालेला धोटा लागला. तो डोळा कायमचा गेला. मालक दयाळू, त्याने सलीमला चाचपडत बॉबिनं भरायला बसवलं. पण निम्म्या मजुरीत घर कसं चालणार? डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "फूल पडलेल्या डोळ्याची फक्त पुढची काच पांढरी झालीय. मागचा पडदा शाबूत आहे. कोणाचा डोळा मिळाला, तर तेवढी काच बदलता येईल." डोळा मिळायला हवा!

सलीमची अम्मी त्याला घेऊन मौलानांकडे गेली. मीही होतो. मौलाना गंभीर झाले. "देखो, जिस्म अल्लाह की अमानत है. मय्यत की बेइज़्ज़ती हमारे यहाँ गुनाह है. देने के बारे में आलिमों की दो राय हैं, मैं अकेला ज़ुबान नहीं दे सकता, बड़ों से पूछूँगा. मगर कोई ख़ुशी से दे रहा हो, तो इस लड़के को लेने से मैं नहीं रोकता."

अम्मीने भीत भीत विचारलं, "आँख किसी ग़ैर-मुस्लिम की हुई तो?"

मौलाना दाढीतल्या दाढीत हसले. "तो क्या! बस, सुबह फ़ज्र की नमाज़ को उठने की आदत डालनी पड़ेगी उस आँख को."

*

आणि आता रामकुंडावरचे आमचे गुरुजी. अंत्यविधी, दहावे, तेरावे, सगळं त्यांच्या हातून. ते नको म्हणाले की पंचवटीतली दहा घरं नको म्हणत. डॉक्टर त्यांच्याशी वाद घालायला जायचे आणि हरून यायचे.

"डॉक्टर, देह ही अग्नीला द्यायची शेवटची आहुती. ती अपुरी कशी द्यायची? मंत्रात आम्ही मेलेल्याला सांगतो, तुझा डोळा सूर्याकडे जावो, श्वास वाऱ्याकडे जावो. आणि तुम्ही डोळा थर्मासात घालणार!"

"दधीची ऋषींनी हाडं दिली की!"

"स्वतः दिली, जिवंतपणी. त्यांच्या मुलांनी नाही वाटली. देणारा स्वतः असेल तरच दान."

गुरुजींच्या आई, माई, आतून वाती वळत ऐकत. त्यांचा मोतीबिंदू डॉक्टरांनीच काढलेला. त्या म्हणाल्या, "मग मी देते. जिवंतपणीच सांगते, माझे डोळे यांना द्यायचे."

"माई, अगं मंत्र..."

"सूर्याकडे आजवर एवढ्यांचे डोळे गेले रे. एक जोडी कमी पडली तर काय अंधार पडणार आहे?"

गुरुजी म्हणाले, "बघू."

ते 'बघू' दोन वर्षं चाललं. मग एका सकाळी माई गेल्या. गुरुजींचा निरोप नाही. शेजाऱ्याकडून कळलं. डॉक्टर म्हणाले, "आपण मागायला जायचं नाही. भेटायला जाऊ." मी तरी थर्मास घेतलाच. सलीमचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

खोलीच्या दारात आम्ही दोघं थबकलो. उकाडा मरणाचा आणि पंखा बंद! माईंच्या डोक्याखाली दोन उशा. मिटलेल्या पापण्यांवर ओल्या कापसाच्या घड्या. बुबुळ सुकू नये म्हणून घरच्यांनी हेच करायचं, असं डॉक्टर वादात दर वेळी सांगत. गुरुजी दर वेळी कान झाकत.

गुरुजी कोपऱ्यात बसले होते. मान वर न करता म्हणाले, "माझं मन अजून तयार नाही. पण देह तिचा, दान तिचं. मधे पडणारा मी कोण? कुठे सही करायची ती सांगा."

दुपारी चितेजवळ मंत्र सांगायला दुसरे भटजी होते. डोळ्याची ओळ आली तसा गुरुजींनी हात वर करून त्यांना थांबवलं.  गुरुजी वळून म्हणाले, "डॉक्टर, आता पत्ता काय सांगू तिला?"

डॉक्टर म्हणाले, "सूर्याकडेच चाललाय, गुरुजी. जरा मालेगावमार्गे."

दुसऱ्या दिवशी सलीमचं ऑपरेशन झालं. तो परत मागावर बसला, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

आता ते जास्तीचं मीठ. डॉक्टर 'मालेगावमार्गे' वगैरे काही म्हणाले नाहीत. डोळा कोणाला जाणार हे सांगायची पद्धतच नाही. ते पायांकडे बघत उभे राहिले.  गुरुजींनी उन्हात तोंड वर केलं आणि भटजींना म्हणाले, "चला. मंत्र आहे तसाच म्हणा."