बिट्टूचा पंजा

देवाजी मेश्राम यांनी आयुष्यभर एसटी चालवली, त्यातली बरीच वर्षं काटोल–नागपूर. हंगामात संत्र्याच्या टोपल्या टपावर, आत दाटीवाटीनं माणसं, आणि देवाजी खिडकीत कोपर टेकवून निवांत. निवृत्त झाल्यावर मनीषनगरातल्या त्यांच्या बैठ्या घराच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती झाल्या, पण मागचं अंगण आणि त्यातलं लिंबाचं झाड त्यांनी राखलं. बिट्टू कुत्रा काटोलच्या स्टँडवर त्यांच्या मागं लागला होता, पिल्लू असताना. शेवटच्या फेरीला ते त्याला सीटखाली घालून घरी घेऊन आले. नात मितू तेव्हा जन्मलीही नव्हती. म्हणजे तिच्यासाठी बिट्टू पहिल्यापासून घरातच होता, जशी भिंत, जसा आजोबांचा खोकला.

उन्हाळा संपताना बिट्टूचं खाणं सुटलं. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की किडन्या थकल्या आहेत, वय झालंय, आता त्याला त्रास होऊ न देणं एवढंच आपल्या हातात. एका सकाळी तो ओसरीवर पोत्यावर पडल्या पडल्याच गेला. मितू आत झोपलेली होती.

मुलगा प्रीतम हळू आवाजात म्हणाला, "बाबा, ती उठायच्या आत आपण त्याले नेऊन टाकू. सांगू का काटोलले मामाच्या वावरात धाडला म्हणून. लहान आहे ती."

देवाजींनी मान हलवली. ते सहा-सात वर्षांचे असताना घरची शेळी मेली होती, आणि आईनं सांगितलं होतं की ती मावशीकडे गेली. कित्येक दिवस ते मावशीच्या गावाकडच्या रस्त्यावर उभे राहत. शेवटी एका पोरानं खरं सांगितलं, तेव्हा शेळी गेल्याच्या दुःखापेक्षा आईचा राग त्यांना जास्त आला होता.

"नाही गा," ते म्हणाले. "ती रोज गेटजवळ उभी राहीन. मी सांगतो तिले."

मितू उठली, तशी देवाजींनी तिला मांडीवर घेतलं. "मितू, बिट्टू मेला. आज सकाळी. त्याचं शरीर बंद पडलं, आता तो श्वास नाही घेत, त्याले दुखत नाही, आणि तो परत उठणार नाही."

मितूनं थोडा वेळ त्यांच्या शर्टाचं बटण फिरवलं. मग विचारलं, "झोपला नाही ना?"

"नाही. झोपलेला उठतो. हा मेला."

"काहून?"

"त्याच्या किडन्या खराब झाल्या होत्या. तू काही केलं म्हणून नाही."

ती रडली नाही. संबंध सकाळ आईच्या, मेघाच्या, पदराला धरून फिरत राहिली. मग स्वयंपाकघरात एकदम बोलली, "मी त्याले परवा क्रीमचं बिस्कीट दिलं होतं, लपून."

मेघाच्या हातातलं लाटणं थांबलं. तिला वाटलं, "छे, काहीही," म्हणावं. पण दाराशी आलेल्या सासऱ्यांनी तिला थांबण्याची खूण केली.

"तुले वाटून राहिलं का बिस्किटानं मेला?" देवाजींनी विचारलं.

मितूनं मान डोलावली, आणि तेव्हा रडायला लागली. देवाजींनी तिला रडू दिलं. शांत झाल्यावर त्यांनी सांगितलं की डॉक्टरांनी रक्त तपासलं ते बिस्किटाच्या कितीतरी आधी, आणि किडनी बिस्किटानं एका दिवसात खराब होत नाही. "डॉक्टरले फोन लावू, तूच विचार." फोन लावला. डॉक्टरांनी तिला तेच सांगितलं, तिच्या भाषेत.

मग देवाजी म्हणाले, "त्याचा पंजा मातीत उमटवून ठेवायचा का? मन नसलं तर नको. मी करतो, तू नुसती बघ."

"मी करीन."

चितार ओळीत मूर्ती घडवणारे गोपाळराव देवाजींचे जुने मित्र. प्रीतम स्कूटरवर जाऊन त्यांच्याकडून शाडू माती घेऊन आला, सोबत त्यांचा निरोपही: "गाठी मोडून लोण्यासारखी मळा, भाकरीपेक्षा जाड थापा. पाय ताठ झाला असंल तर वाकवू नका, मातीच वर नेऊन दाबा."

बिट्टूला स्वच्छ चादरीवर ठेवलं होतं. मितूनं आधी दुरून पाहिलं, मग विचारून हात लावला. "गार आहे," ती म्हणाली. मेघानं ओल्या कापडानं पंजा पुसून कोरडा केला आणि गाद्यांमधले केस लहान कात्रीनं कापले. ते केस मितूनं कागदाच्या पुडीत बांधून घेतले. पंजाला थोडी टाल्कम पावडर लावली, माती चिकटू नये म्हणून. प्रीतमनं मातीची थाळी पंजाखाली धरली आणि मितूनं खालून आपले तळवे टेकवून ती वर दाबली. तिनं जरा लवकर ओढली, ठसा घसरला. ती हिरमुसली.

"माती कुठं पळून चालली?" देवाजी म्हणाले. "मोड, पुन्हा मळ."

दुसऱ्या वेळी तिनं श्वास रोखून दाबलं, सरळ खाली सोडलं. चार बोटं, मधली मोठी गादी, नखांचे टोकदार ठिपके. काडीनं खाली तिनंच नाव कोरलं. बिट्टूतल्या 'ट'चा गोल जरा उलटा झाला, तो कोणी दुरुस्त केला नाही. सगळ्यांनी साबणानं हात धुतले.

लिंबाजवळ प्रीतमनं खोल खड्डा खणला. सुती चादरीत गुंडाळलेला बिट्टू खाली ठेवला. मितूनं पहिली मूठभर माती टाकली, बाकीची फावड्यानं प्रीतमनं. तो रडत होता, आणि मुलीपासून ते लपवत नव्हता.

ठसा उन्हात ठेवला तर तडकतो, म्हणून सावलीत, वर पातळ कापड टाकून वाळवला. मितू त्याला रोज उलटवायची. कडेला बारीक भेग गेली, तर देवाजींनी तिला पाण्यात कालवलेली माती बोटानं भरायला शिकवलं.

रविवारी संध्याकाळी ओसरीवर पाटावर ठसा मांडला, बाजूला केसांची पुडी, पट्टा आणि एक मेणबत्ती. शेजारच्या रुख्मिणीबाई आल्या, बिट्टू त्यांच्या दारातही जेवायचा. देवाजींनी सांगितलं, "आपण फक्त एकेक आठवण सांगू. ज्याले बोलायचं नाही, त्यानं बसून राहावं."

पहिल्यांदा तेच बोलले. बिट्टू एसटीत सीटखाली लपला आणि कंडक्टरच्या चपलेवर झोपी गेला होता. सगळे हसले. मितूनं आजोबांकडे पाहिलं. "हसलं तर चालते का?"

"चालते. त्याच्यावर आपला जीव होता म्हणून हसू येऊन राहिलं."

रुख्मिणीबाई डोळे पुसत मितूला म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नको बाई, मी तुले नवीन पिल्लू आणून देईन."

कोणी काही बोलायच्या आत मितू उठून पाटाजवळ गेली. "नवीन नको, मावशी. आता आम्ही बिट्टूची आठवण काढून राहिलो." मग थांबून, स्वच्छ आवाजात तिनं सांगितलं की बिट्टू तिच्या शाळेच्या रिक्षामागं कोपऱ्यापर्यंत पळायचा, कोपऱ्यावर बसून राहायचा, आणि ती वळून पाहायची तेव्हा त्याची शेपटी हलत असायची. "तो मेला. मले वाईट वाटते. आणि मले तो आवडतो." एवढं म्हणून ती मेघाच्या मांडीत जाऊन रडली, मोकळेपणानं.

तिला रडताना पाहूनही देवाजींचा ऊर अभिमानानं भरून आला होता. घाटातल्या वळणावर गाडी सांभाळणाऱ्या नव्या ड्रायव्हरचं जसं कौतुक वाटायचं, तसंच काहीसं, पण कितीतरी जास्त.

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडजवळच्या टपरीवर जुने ड्रायव्हर जमले, तेव्हा देवाजींनी चहा मागवण्याआधीच सुरुवात केली. "आमची मितू आहे ना," ते म्हणाले, आणि चहा निवला तरी त्यांचं सांगणं चालूच होतं.