सहा डेसिबल
देवकीला मी पहिल्या दिवशी वर्गातून हाकलून दिलं होतं. खोटं कशाला बोलू? नारपोलीत खाली कापडाच्या लूमची खडखड आणि वर माझा क्लास, त्यामुळे घसा फोडून शिकवावं लागतं आणि माझं डोकं कायम तापलेलं असतं. ही दिघाशी गावातली पोरगी तिसऱ्यांदा नापास होऊन आली होती. विषय विचारला तर म्हणाली, "कंट्रोल सिस्टीम. एवढा एकच राह्यलाय, मॅडम." मी म्हटलं, "तीनदा नापास झालेल्यांना मी घेत नाही, माझा निकाल खराब होतो." ती खाली गेली आणि जिन्याच्या पायरीवर दोन तास बसून राहिली. क्लास सुटल्यावर मी उतरले तरी ती तिथंच.

"अगं, जा की घरी!"

"एस्टी साडेपाचला हाय," एवढंच ती म्हणाली. रडली नाही, हातापाया पडली नाही. मला माझीच लाज वाटली आणि दुसऱ्या दिवसापासून ती पहिल्या बाकावर आली.

तिचं म्हणणं साधं होतं. इन्स्ट्रुमेंटेशनच्या डिप्लोमाचे बाकी सगळे विषय सुटले होते. महामार्गाकडच्या एका मोठ्या गोदामात कन्व्हेयरचे पट्टे सांभाळायला टेक्निशियन हवा होता आणि मुलाखतीत तिची निवडही झाली होती. साहेबानं अट घातली होती, एकतीस जुलैच्या आत डिप्लोमाचा निकाल दाखवायचा. आणि डिप्लोमाच्या नोंदणीची मुदतही याच उन्हाळ्यात संपत होती. म्हणजे मे महिन्यातला पेपर हा शेवटचा. तो सुटला नाही तर सहा वर्षं पाण्यात आणि पोरगी परत आईबरोबर मजुरीला. तिची आई हौसा पावसाळ्यात लावणीला जाते आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर. त्यांच्या पाड्यावर दहावीच्या पुढे गेलेली ही एकटीच.

मी मार्कांचा हिशेब मांडला. सत्तरपैकी अठ्ठावीस हवेत. तिचं पाठांतर बरं होतं, पंचविसापर्यंत ती पोचायची आणि तिथंच अडायची. मी म्हटलं, "बोडे प्लॉट कर. सहा मार्कांचा प्रश्न दरवर्षी येतो. तो आला की तू सुटलीस."

"त्योच तर येत न्हाय, मॅडम."

बोडे प्लॉट म्हणजे वारंवारता वाढत गेली की सिग्नल किती चढतो-उतरतो याचा डेसिबलमधला ग्राफ. पहिलं गणित मी फळ्यावर लिहिलं. वर शंभर गुणिले एस अधिक पाच. खाली एस अधिक दोन आणि एस अधिक पन्नास. म्हणजे वर एक झिरो, खाली दोन पोल. देवकीनं लगेच शंभराचा लॉग घेतला, वीसनं गुणलं आणि रेघ चाळीस डेसिबलवरून सुरू केली.

"झालं! तीन वर्षं हेच करतेस ना?" मी ओरडले. "अगं, कंसातून पाच, दोन आणि पन्नास आधी बाहेर काढ. कंसात एक अधिक काहीतरी उरलं पाहिजे. मग शंभर गुणिले पाच, भागिले दोन गुणिले पन्नास. किती?"

"पाच."

"पाचाचा लॉग, गुणिले वीस?"

तिनं कॅल्क्युलेटर दाबला. "चौदा."

"मग चाळीस कुठून आणलेस?"

ती फळ्याकडे बघत राहिली आणि हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसली. मग पुढचं तिनं पटापट गिळलं. चौदावर आडवी रेघ. दोनला पहिला पोल भेटला की रेघ खाली वळणार, वारंवारता दहापट झाली की वीस डेसिबल खाली, त्या दहापटीलाच डिकेड म्हणायचं. पाचला झिरो भेटला की तो वीस वर ओढणार, म्हणजे उतार संपला, रेघ परत आडवी. पन्नासला दुसरा पोल, परत उतार. दोनापासून पाचापर्यंत रेघ आठनं उतरते, म्हणून चौदातून आठ गेले, सहा उरले. पाचापासून पन्नासापर्यंत सहावरच. मग पाचशेला सहातून वीस गेले, उणे चौदा. वळणं खरी गोलसर असतात, पण आपण सरळ रेघांनी काढायचं, आणि परीक्षेत तेवढंच लागतं.

एप्रिलभर तिनं अशी चाळीसेक गणितं केली. मी तारीफ करणाऱ्यातली नाही. पण एक दिवस मी तिला फळ्यापाशी उभं केलं आणि नव्या पोरांना तिनंच शिकवलं. "पोलला खाली, झिरोला वर," ती म्हणत होती आणि पोरं लिहून घेत होती. मी मागच्या बाकावर बसून चहा प्यायले आणि मनात म्हटलं, ही सुटली.

पेपर झाला त्या दिवशी ती क्लासला आली नाही. फोन लावला तर आवाज मेलेला. "बोडे आला हुता, मॅडम. आपलाच. शंभर, पाच, दोन, पन्नास. तोच."

"अगं मग? नाच ना!"

"उत्तर जमलं न्हाय. कागदावर येगळंच आलं. माज्या डोक्यात काय शिरतच न्हाय."

मला इतका संताप आला की काय सांगू. चाळीस वेळा केलेलं गणित, आकडेसुद्धा तेच, आणि बाई म्हणते जमलं नाही! मी फोनवर नको ते बोलले. "तुझ्या मागं दोन महिने घसा फोडला आणि तू ऐनवेळी कच खाल्लीस. डोकं नव्हतं तर शिकायला यायचं कशाला?" हे माझेच शब्द. ती "व्हय मॅडम" म्हणाली आणि फोन ठेवला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल लागला. पंचवीस. तीन मार्कांनी गेली.

मी चार दिवस जेवले नाही म्हटलं तर ते खोटं होईल, पण घास गोड लागला नाही एवढं खरं. उत्तरपत्रिकेची प्रत मागवायचा अर्ज मीच भरला, तिच्या मोबाईलवर आलेला ओटीपी तिला विचारून. वाटलं, तपासणाऱ्यानं कुठंतरी चूक केली असेल, तीन मार्क मिळतील. प्रत मेलवर आली तेव्हा दुपार होती, मी एकटी होते. मी थेट शेवटच्या पानावर गेले.

वरती गणित बरोबर होतं. कंस सोडवलेले, चौदा आलेले. खाली तक्ता. दोन ते पाच, उणे वीसचा उतार, उत्तर सहा. आणि त्या सहावर रेघ मारून तिनं शेजारी साडेदहा लिहिलं होतं. उणे चौदा खोडून उणे साडेनऊ. चौदाचा एक मार्क, बाकी सगळ्यावर लाल फुली.

साडेदहा कुठून आलं? मी ग्राफ उघडला. सेमी-लॉग कागदावर उभ्या रेघा सारख्या अंतरावर नसतात. एक आणि दोनमध्ये सगळ्यात रुंद जागा, मग दाट होत होत नऊ आणि दहा जवळजवळ चिकटलेले. देवकीच्या कागदावर डावीकडं रेघा चिकटलेल्या होत्या आणि उजवीकडं रुंद. कागद उलटा होता. खालची बाजू वर. कागदावर आकडे छापलेले नव्हते. तिनं बिचारीनं पहिल्या ठळक रेघेला एक लिहिलं, शेजारच्या चिकट रेघेला दोन, आणि तशीच मोजत पाचला पोचली. तिचे दोन आणि पाच इतके जवळ आले की बरोबर उतारानं काढलेली रेघसुद्धा तिथपर्यंत साडेतीनच उतरली. चौदातून साडेतीन गेले, साडेदहा. रबरानं तीनतीनदा खोडल्याचे काळे डाग प्रतीतसुद्धा दिसत होते. तीनदा काढून बघितलं तिनं, तीनदा साडेदहाच आलं. मग तिनं कागद खरा मानला आणि स्वतःचं उत्तर खोडलं.

आणि मग चूक कुणाची ते मला कळलं. कारण माझ्या क्लासात कोरा सेमी-लॉग कागद कुणी कधी बघितलाच नाही! वेळ वाचावा म्हणून मी एका कागदावर पेनानं खाली एक, दोन, तीन, दहा, वीस असे आकडे लिहून ठेवलेत आणि त्याच्याच झेरॉक्स वाटते. चाळीस गणितं तिनं माझ्या आकड्यांवर केली. कागद कुठल्या बाजूनं धरायचा हे तिला माहीत असायचं कारणच नव्हतं. दोन महिने घसा फोडला म्हणे मी! एवढी एक गोष्ट सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी प्रत छापून घेतली आणि दिघाशीची एस्टी धरली. फेरतपासणीत काही मिळणार नव्हतं, ग्राफ खरोखरच चुकलेला होता. मग मी कशाला गेले? तिला सांगायला. फोनवर बोलायची माझी हिंमत नव्हती.

गावातल्या महादू नावाच्या शेतकऱ्याकडे लावणी चालली होती. गुडघाभर चिखलात बायकांची ओळ वाकलेली, हौसा आणि देवकी शेजारीशेजारी. मला बघून देवकी बांधावर आली, हात कोपरापर्यंत माखलेले. गोदामातली जागा दुसऱ्याला गेल्याचं तिनंच सांगितलं, पीक कसं आहे ते सांगावं तसं.

मी ग्राफ तिच्यासमोर धरला. तिनं मान फिरवली. "नका दावू, मॅडम. माला नको."

"बघ म्हणते ना!" मी ओरडले. तिथंही ओरडलेच. आणि कागद फिरवून सुलटा केला.

तिनं बघितलं. चिखलाचं बोट कागदाजवळ नेलं, टेकवलं नाही. रुंद जागा, मग दाट, मग चिकटलेल्या रेघा. ओठ हलत होते, ती मोजत होती. दोन. पाच. मग बोट थांबलं.

"सहाच हुतं?"

"सहाच होतं. तू बरोबर लिहिलं होतंस. कागद उलटा होता, आणि तो कसा धरायचा ते मी शिकवलं नव्हतं. चूक माझी आहे, देवकी. माफ कर मला."

माझं तिनं ऐकलंच नाही बहुतेक. ती कागदाकडं बघत होती आणि तिचा चेहरा उजळत होता, आणि ते बघणं मला शिव्या खाण्यापेक्षा जड गेलं. "म्हंजी मी ढ न्हाय," ती म्हणाली. "दोन महिनं मी समजत हुते..." मग एकदम विचारलं, "आता परत बसता येल का?"

"नाही गं. मुदत संपली."

ती मान हलवत राहिली. मग वळून तिनं आईला हाक मारली. "आये! माला येत हुतं गं! माजं बरोबर हुतं!"

हौसा सरळ झाली. हातातली रोपांची मूठ तशीच धरून तिनं आधी लेकीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"येत हुतं, तं मंग तू हितं काय करतंस?"