कागदावर नसलेल्या बाईला दिलेली संमती

माझ्या मुलीला कॅनडात घेऊन जायला मी ज्या बाईला लेखी परवानगी दिली, ती बाई सरकारदरबारी जन्मालाच आलेली नव्हती. माझ्याच घरात मात्र ती बारा वर्षं स्वयंपाक करत होती.

त्याचं असं झालं. बायकोची धाकटी बहीण टोरोंटोजवळ राहते. तिचं पहिलं बाळंतपण आलेलं, नवरा रात्रपाळीचा, आणि माझ्या सासूबाईंचे गुडघे इथल्या आमोण्याच्या फेरीबोटीपर्यंतसुद्धा जायला तयार नाहीत. मे महिन्यात बायकोच्या शाळेला सुट्टी, पोरीलाही सुट्टी. दोघींनी जायचं ठरलं. मी काम करतो त्या सहकारी सोसायटीत ऑडिट चालू असल्यामुळे मी घरी राहायचं, हेही सगळ्यांनी संशय यावा इतक्या आनंदाने ठरवलं.

मेव्हणीने फोनवर बजावलं होतं की, मूल एकट्या आईबरोबर येत असेल तर तिकडचे अधिकारी बापाचं संमतीपत्र मागू शकतात. नोटरीचा शिक्का असलेला बरा. पोरीला माझं आडनाव आणि बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं, म्हणजे प्रश्न येणारच. पत्राबरोबर जन्मदाखला आणि माझ्या पासपोर्टची प्रत हवी, असंही तिने सांगितलं.

पत्र म्हटलं की मला स्फुरण चढतं. सोसायटीच्या वार्षिक सभेची निमंत्रणं मीच लिहितो. मी संगणकावर बसून एकटाकी इंग्रजी ठोकलं आणि डिचोलीला कोर्टाजवळच्या नोटरीकडे गेलो. वकील ओळखीचे. त्यांनी माझं ओळखपत्र बघितलं, समोर सही घेतली, रजिस्टरातही सही घेतली, गोल शिक्का मारला. मी येताना पाव आणि भजी घेऊन आलो.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बायको सगळे कागद एका फाइलीत लावत होती. पत्र वाचून तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ही कोण?"

मी म्हटलं, तूच की.

"मी नव्हे. ही बाई माझ्या पोरीला घेऊन कुठे चालली ते सांगा आधी."

आमच्यात लग्नात नवरीला नवं नाव देतात. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने ते लिहायचं. नाव माझ्या आईने निवडलं, लिहिलं मी, आणि तेव्हापासून अख्खं घर तिला त्याच नावाने हाक मारतं. पण बायको सरकारी शाळेत मास्तरीण. सर्व्हिस बुकापासून पासपोर्टपर्यंत तिने माहेरचं नाव हलू दिलं नव्हतं. पोरीच्या जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवरही आईचं तेच नाव. तांदळातलं नाव फक्त घरातल्यांच्या तोंडी होतं, आणि आता माझ्या पत्रावर.

शिवाय परतीची तारीखच नव्हती. मी उदारपणे लिहिलं होतं की, मुलगी तिथे वाटेल तितके दिवस राहू शकते.

"मी पोरीला पळवून नेतेय आणि तुम्ही पोचवायला आलाय, असं वाटतं हे," ती म्हणाली. मग खुर्चीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "धाकटीला तिथे दुसरं कोणी नाही हो. मला दारातूनच परत पाठवलं तर?"

तिथे मात्र पाव-भजी आणणारी माझी ऐट उतरली.

आम्ही दोघंही डिचोलीला धावलो. वकिलांनी पत्र वाचून माझ्याकडे सरकवलं. मी जरा वरच्या आवाजात म्हटलं की, तुम्ही शिक्का मारलात ना? ते आमच्या गोव्याच्या सुरात म्हणाले, "मी सही तुझीच आहे ते बघितलं मरे. बायको तुझीच आहे काय, ते मी कसं बघू?"

नवं पत्र बायकोने सांगितलं आणि मी टाइप केलं. तिघांची नावं पासपोर्टाप्रमाणे, अक्षरन् अक्षर. पासपोर्टचे नंबर, जायच्या-यायच्या तारखा, विमानाचे नंबर, मेव्हणीचा पत्ता आणि फोन. शेवटी माझा फोन, कारण अधिकारी खात्री करायला फोनही लावू शकतात. एक विशेषण घालायचा प्रयत्न केला, तो तिने खोडला. पुन्हा सही, पुन्हा शिक्का. जुनं पत्र तिने तिथेच फाडलं.

मोपा विमानतळावरून दोघी दिल्लीला गेल्या. तिथे पत्र कोणी मागितलंच नाही. नंतर मी फोन मुठीत धरून सोसायटीत बसलो. ऑडिटरने काय विचारलं आणि मी काय सांगितलं, ते आजही सोसायटीला निस्तरावं लागतंय. फोन आला तो कॅनडातल्या अधिकाऱ्याचा नव्हे, बायकोचा. दोघी टोरोंटोच्या विमानतळाबाहेर पडल्या होत्या. तिथल्या अधिकारी बाईने पत्र मागितलं, दोन्ही पासपोर्टांशी नावं ताडून बघितली, जन्मदाखला बघितला. मग बायकोला गप्प राहायला सांगून पोरीलाच विचारलं, कोणाबरोबर आलीस, किती दिवसांसाठी, वडील का नाही आले.

मी विचारलं, काय सांगितलं गं तिने?

पलीकडे बायको हसायला लागली, तेव्हा पोरीनेच फोन घेतला.

"मी सांगितलं, पप्पा आले असते तर मावशीला दोन बाळं सांभाळावी लागली असती."