वीस वरचे, वीस खालचे

आठवीच्या विज्ञानाच्या चाचणीचे पेपर तपासून झाले आणि मला धक्काच बसला. वर्गातली हुशार मुलं सोप्या वाटणाऱ्या प्रश्नांत आपटली होती, आणि ज्यांच्याकडून मी काहीच अपेक्षा ठेवली नव्हती त्यांनी तेच प्रश्न बरोबर सोडवले होते. मुलांना बोल लावण्याआधी प्रश्नपत्रिकाच तपासावी, असं मनात आलं.

नसरापूरच्या पुढं वेल्ह्याच्या रस्त्यावरची ही शाळा. मी मूळची कामथडीची, ह्याच शाळेत शिकले आणि पुढं इथंच नोकरीला लागले. आठवीच्या दोन तुकड्या. एक माझ्याकडं, दुसरी बाईंकडं. बाई म्हणजे ज्यांनी मला आठवीत विज्ञान शिकवलं त्याच. भोरहून एस्टीनं यायच्या, कामथडीला मी चढले की पर्स उचलून माझ्यासाठी जागा करायच्या. त्या वर्षी दहावीचं विज्ञान शिकवणारे सर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी आमच्यापैकी कोण, हे मुख्याध्यापक दिवाळीनंतरच्या सभेत ठरवणार होते. मला दहावी हवी होती. अगदी मनापासून, लाज न बाळगता हवी होती. बाई म्हणायच्या, "तूच घे बाई. मला आता झेपत नाही." मी त्यावर विश्वास ठेवला.

पेपर वीस प्रश्नांचा, प्रत्येकाला चार पर्याय. दहा प्रश्न बाईंनी काढले, दहा मी. त्यांनी फुलस्केपवर लिहून दिले, मी सगळे टाईप केले. आमच्याकडं पेपरच्या शेवटी कोपऱ्यात काढणाऱ्याची आद्याक्षरं टाकायची पद्धत आहे, आणि दोघांनी मिळून काढला असेल तर टाईप करणारा आपली टाकतो. म्हणून तिथं माझी होती. त्यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं, मलाही वाटलं नाही.

तर दोन्ही तुकड्यांचे मिळून चौऱ्याहत्तर पेपर मी प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर गुणांप्रमाणे लावले. सर्वांत वरचे वीस आणि सर्वांत खालचे वीस घेतले, मधले बाजूला ठेवले. बी.एड.ला हे शिकवलं होतं आणि परीक्षा झाल्यावर आम्ही सगळ्यांनीच ते विसरून टाकलं होतं. प्रत्येक प्रश्नासमोर वरच्या गटात किती बरोबर, खालच्या गटात किती, आणि कोणता पर्याय कुणी निवडला, अशा रेघा ओढत बसले. चाळिसांपैकी किती जणांना जमला त्यावरून प्रश्न किती अवघड ते कळतं. आणि वरच्यांतून खालचे वजा केले की तो प्रश्न अभ्यास केलेल्याला आणि न केलेल्याला वेगळं ओळखतो की नाही ते कळतं.

एक प्रश्न खरोखर अवघड होता. वरच्यांत अकरा जणांना जमला, खालच्यांत दोघांना. तो चांगलाच. अवघड असणं हा काही गुन्हा नव्हे. पण नववा प्रश्न बघा: 'खालीलपैकी कोणता पदार्थ विजेचा दुर्वाहक नाही असे म्हणता येणार नाही?' तांबे, लोखंड, ॲल्युमिनियम, रबर. उत्तर होतं रबर. वरच्या विसांत चौघे बरोबर, खालच्या विसांत सात! डोळे मिटून खूण केली तरी चारांत एक बरोबर यायचाच, तसलाच हा आकडा. चौदाव्यात 'भौतिक बदल कोणता?' असं विचारलं होतं, आणि पर्यायांत बर्फ वितळणंही होतं नि मीठ पाण्यात विरघळणंही. उत्तरपत्रिकेत फक्त बर्फ धरला होता. वरच्या गटातल्या दहा मुलांनी मीठ लिहून गुण गमावले होते. ती दहाही मुलं बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मुलांनाच विचारलं. नवव्याबद्दल एक मुलगी म्हणाली, "बाई, म्या तर तीनदा वाचला. नाही, नाही करून डोकंच फिरलं. शेवटी तांबं लिवलं." मग हळूच दुसरी म्हणाली, "आन बाई, ते स्की म्हंजी काय वो?" वर्ग हसला. तो प्रश्न माझा होता. स्की, म्हणजे बर्फावर घसरायला पायांना लावायच्या लांब पट्ट्या, घातल्यावर बर्फात पाय का रुतत नाही, असं मी वेल्ह्याच्या पोरांना विचारलं होतं! भातखाचरातल्या चिखलात फळी टाकली की पाय रुतत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. मीही हसले, आणि मान्य केलं की चूक माझी.

एकूण पाच प्रश्न सदोष निघाले. एक माझा, चार बाईंचे.

मधल्या सुट्टीत तक्ता घेऊन त्यांच्याकडं गेले. तक्त्यात नुसते प्रश्नांचे क्रमांक होते, कुणाचा कोणता ते मुद्दाम लिहिलं नव्हतं. म्हटलं, "बाई, सभेत तुम्हीच मांडा. आपल्या दोघींचे म्हणून मांडा. पाच प्रश्न रद्द करून फेरचाचणी घेऊ." त्यांनी चष्मा लावून सगळा तक्ता नीट वाचला. म्हणाल्या, "किती कष्ट घेतलेस गं." मग विचारलं, "माझे ते हातानं लिहिलेले कागद आहेत ना तुझ्याकडं? दे, मीच प्रश्न दुरुस्त करून आणते." मी कपाटातून काढून दिले. वर पिनही नीट मारून दिली, मूर्खासारखी.

दिवाळीनंतरच्या सभेत बाईंनी तक्ता मांडला. फार छान मांडला, फक्त पेपर दोघींनी काढला होता हे सांगितलं नाही. मुख्याध्यापक सरांनी पेपर उलटून कोपऱ्यातली आद्याक्षरं बघितली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, हे पाचही तुमचे?"

मी बाईंकडं बघितलं. त्या माझ्याकडं न बघता सरांना म्हणाल्या, "नवीन आहे हो ती. शिकेल. मी लक्ष घालते."

माझाच तक्ता होता, माझ्याच अक्षरातला, आणि मीच त्यात आरोपी झाले होते. मी म्हणाले, "सर, फेरचाचणी घ्यावी." एवढंच. सर म्हणाले, घेऊ. मुलांचं नुकसान टळलं, ते एक बरं झालं. दहावी बाईंना मिळाली.

संध्याकाळी एस्टीत त्यांनी नेहमीसारखी पर्स उचलून जागा केली. मी उभीच राहिले. नसरापूर गेलं. शेवटी मीच विचारलं, "बाई, ते कागद कुठं आहेत?"

"फाडले," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, शरमही नव्हती. "दोन वर्षं राहिलीत माझी निवृत्तीला. मला दहावी शिकवूनच जायचं होतं. तोंडानं नको नको म्हणत होते, एवढंच."

"मग मला तसं सांगायचं. मी सोडली असती."

"माहिती आहे. आणि सभेत तू माझं नाव घेणार नाहीस, तेही माहिती होतं. माझ्याच हाताखाली वाढलीस तू."

कामथडी आली. मी उतरले. बाईंनी चौऱ्याहत्तर मुलांना विचारलेले चार प्रश्न चुकले होते. माझ्याबद्दलचा त्यांचा एकच अंदाज होता, तो मात्र तंतोतंत बरोबर निघाला.